घनफळाचा हिशेब आणि वाऱ्याची वाट

इमारतींची देखभाल, दुरुस्ती आणि वायुवीजन यांची कामे पाहण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला, आणि त्या काळात संस्थांचे चिटणीस, वसतिगृहांचे अधीक्षक, क्वचित एखादा घरमालकही, जो प्रश्न अगदी सहज म्हणून विचारीत असे तो हा, की अमुक खोलीला किती इंची एक्झॉस्ट पंखा लावावा. विचारणाराची अपेक्षा अशी असे की मी खोलीकडे एकदा नजर टाकावी आणि बारा, पंधरा किंवा अठरा यांपैकी एक आकडा सांगून मोकळे व्हावे. हिशेबाची रीत खरोखरच तितकी सोपी आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार केला की खोलीत मावणाऱ्या हवेचे घनफळ निघते. त्या घनफळाला, त्या प्रकारच्या खोलीत तासाला हवा जितक्या वेळा पालटावी असे तक्त्यात दिलेले असते त्या संख्येने गुणले, की पंख्याने तासाला किती घनमीटर हवा बाहेर टाकली पाहिजे ते कळते. आणि मग तेवढी हवा टाकणारा पंखा कारखानदाराच्या सूचिपत्रातून शोधून काढावयाचा. पहिले तीन आकडे फीत धरली की मिळतात, त्यांविषयी वाद होत नाही. चौथा आकडा मात्र फितीने मोजता येत नाही, आणि त्या आकड्याचा अर्थ नीट न उमगल्यामुळे बिनचूक गुणाकार करूनही धुराने कोंदलेली स्वयंपाकघरे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांपैकी एकाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात विद्यार्थ्यांचे एक जुने वसतिगृह होते. त्याचे स्वयंपाकघर मुळात कौलारू. आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद, वळचणीपाशी तीन मीटर उंच आणि आढ्याखाली साडेचार मीटर. अशा उतरत्या छपराच्या खोलीचे घनफळ काढताना वळचणीची आणि आढ्याची उंची यांची सरासरी धरावी लागते. ती येथे पावणेचार मीटर येते, आणि आठ गुणिले पाच गुणिले पावणेचार म्हणजे दीडशे घनमीटर हवा त्या खोलीत होती. या स्वयंपाकघराला पंखा कधीच नव्हता आणि त्याची गरजही कोणाला भासली नव्हती, कारण भट्टीवरून वर चढलेली ऊन हवा आढ्याखाली जमून कौलांच्या असंख्य फटींतून बाहेर झिरपत असे, आणि तिची जागा घ्यावयाला दारा-खिडक्यांतून थंड हवा आपोआप आत येत असे. पुढे कौले गळू लागली, वाशांना वाळवी लागली, आणि संस्थेने मंजुरी मिळवून ते छप्पर उतरवले व त्या जागी तीन मीटर उंचीवर काँक्रीटचा स्लॅब घातला. खोली कोरडी झाली, वर पाण्याची टाकी बसवण्याची सोय झाली, भिंतींना पांढऱ्या फरशा लागल्या. आणि पहिल्याच पंधरवड्यात स्वयंपाक करणाऱ्या बायकांना त्या खोलीत उभे राहवेना.

आता या दोन खोल्यांना आमचा नियम लावून पाहावा. जुनी खोली दीडशे घनमीटरांची आणि नवी आठ गुणिले पाच गुणिले तीन, म्हणजे एकशेवीस घनमीटरांची. हवापालटाचा आकडा दोहोंना एकच धरला तर ज्या खोलीत पंख्यावाचून चालत होते तिला मोठा पंखा लागतो, आणि जिच्यात जीव गुदमरू लागला तिला लहान पंखा पुरतो, असे उत्तर निघते. भट्ट्या त्याच, पातेली तीच, जेवणारी मुले तेवढीच. बदलले ते फक्त डोक्यावरचे छत. या उलट्या उत्तराने मला पुष्कळ शिकवले आहे, आणि नवीन आलेल्या सहायकांना हा नियम समजावून सांगताना मी नेहमी याच दोन खोल्यांपासून आरंभ करीत असे.

याचे कारण असे, की खोलीचे घनफळ हे त्या खोलीत निर्माण होणाऱ्या धुराचे, वाफेचे किंवा उष्णतेचे माप नव्हे. एखाद्या खोलीत भट्टी सतत पेटलेली आहे आणि पंखाही सतत चालू आहे अशी कल्पना केली, तर काही वेळाने त्या खोलीतील धुराचे प्रमाण एका ठिकाणी येऊन स्थिरावते. आणि ते प्रमाण भट्टी मिनिटाला किती धूर सोडते आणि पंखा मिनिटाला किती हवा काढतो या दोहोंवरच ठरते. खोली लहान की मोठी याचा त्या स्थिर प्रमाणाशी संबंध नाही. मोठ्या खोलीत ते प्रमाण गाठावयाला अधिक वेळ लागतो, एवढेच. मुले जेवून गेली, भट्टी विझली, तर कोंडलेला धूर निघून जावयालाही मोठ्या खोलीत त्याच हिशेबाने अधिक वेळ लागतो. घनफळ जे सांगते ते विलंबाविषयी सांगते. अंती खोलीत धूर किती राहील याविषयी ते काही सांगत नाही.

मग तक्ते घनफळावर का बेतलेले असतात, असा प्रश्न साहजिक निघतो. त्याचे उत्तर व्यवहारात आहे. नेहमीच्या उंचीच्या खोल्यांत आणि नेहमीच्या वापरात खोलीचा आकार आणि तिच्यातील वापर यांचे प्रमाण ढोबळमानाने जुळलेले असते: चार माणसांच्या घराचे स्वयंपाकघर लहान असते, दोनशे माणसांचे मोठे असते. शौचालय, न्हाणीघर, कार्यालय, वाचनालय यांच्या बाबतीत ही जुळणी इतकी भरवशाची असते की तक्त्यातला आकडा घेऊन गुणाकार करावा आणि पंखा मागवावा, अधिक विचार करण्याचे कारण पडत नाही. जेथे खोलीची उंची नेहमीपेक्षा वेगळी आहे, किंवा खोलीच्या मानाने आत पेटणारा अग्नी मोठा आहे, तेथे मात्र तक्त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही.

हवापालट या कल्पनेविषयी आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. तासाला तीस वेळा हवा पालटते असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, दर दोन मिनिटांनी जुनी हवा सगळीच्या सगळी बाहेर जाते आणि नवी तिची जागा घेते. वस्तुतः नवी हवा आत आल्याबरोबर जुनीत मिसळू लागते, आणि पंखा जे बाहेर टाकतो ते या मिश्रणापैकी असते. मिश्रण अगदी सारखे होते असे धरले, तर एका हवापालटाइतकी हवा बाहेर गेल्यावरही मूळच्या हवेचा शेकडा सदतीस भाग खोलीतच उरतो, दुसऱ्या पालटानंतर शेकडा चौदाच्या आसपास, आणि तिसऱ्यानंतर कोठे तो शेकडा पाचावर येतो. लाल मिरचीच्या फोडणीचा ठसका उठला आणि तासाला तीस पालटांचा पंखा चालू असला, तर तो ठसका बहुतांशी निवळावयाला दोन मिनिटे पुरत नाहीत, सहा लागतात. तासाला दहाच पालट असतील तर अठरा लागतात, आणि तोवर दुसरी फोडणी पडलेली असते. दहा आणि तीस या आकड्यांमधला फरक स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांना असा कळतो.

त्या वसतिगृहात माझे जाणे झाले तोपर्यंत दोन पंखे लावून झाले होते. पहिला पंखा स्लॅबच्या मक्तेदारानेच बसवलेला होता आणि त्याचा हिशेब संस्थेच्या दफ्तरात एका चिठ्ठीवर लिहिलेला मला पाहावयास मिळाला. एकशेवीस घनमीटर गुणिले दहा, बरोबर बाराशे घनमीटर तासाला. सबब तीनशे मिलिमीटरचा, म्हणजे बारा इंची, मंद गतीचा पंखा. गुणाकारात चूक नव्हती. दहा हा आकडा घरगुती स्वयंपाकघराचा होता, आणि तो दीडशे मुलांच्या भाताला लावला गेला होता. तो पंखा निरुपयोगी ठरल्यावर संस्थेने शहरातील एका विक्रेत्याचा सल्ला घेतला, आणि त्याने साडेचारशे मिलिमीटरचा, म्हणजे अठरा इंची, मिनिटाला नऊशे फेऱ्यांचा पंखा दिला. या आकाराचे आणि गतीचे पंखे सूचिपत्राप्रमाणे तासाला साधारण चार ते पाच हजार घनमीटर हवा टाकतात. पंखा बसला, मोठ्या आवाजाने फिरू लागला, आणि तरीही तक्रार थांबली नाही. उलट एक नवीनच तक्रार सुरू झाली. तेथल्या प्रमुख आचारीणबाई, ज्यांना सारे वसतिगृह मावशी म्हणत असे, त्यांनी पहिल्या भेटीत मला सांगितले, "साहेब, पंखा फिरतो हो, पण धूर काय जात नाही. आणि पूर्वी आमचाच धूर असायचा, आता न्हाणीघरातला पण इकडे येतो." या दोन वाक्यांत रोगाचे संपूर्ण निदान होते, हे मला थोड्या वेळाने कळले.

मी प्रथम आकडा तपासावयाचे ठरवले, कारण पंखाच अपुरा असेल तर बाकीच्या शोधाला अर्थ नव्हता. वसतिगृहांच्या व खानावळींच्या भट्टीघरांसाठी तासाला वीस ते तीस पालट धरण्याचा प्रघात आहे, काही जण त्याहूनही अधिक धरतात. वीस धरले तर चोवीसशे घनमीटर आणि तीस धरले तर छत्तीसशे. या दोहोंपैकी कोणता आकडा खरा मानावा हे घनफळ सांगू शकत नाही, म्हणून मी दुसऱ्या वाटेने गेलो. व्यापारी वापराचे एकोणीस किलोचे सिलिंडर किती दिवस पुरते असे विचारले असता तीन दिवसांहून थोडे अधिक असे उत्तर मिळाले, आणि भट्ट्या दिवसाकाठी पाच-सहा तास पेटत. तेव्हा ताशी एक किलो गॅस जळतो असे धरण्यास हरकत नव्हती. एक किलो गॅस तासाभरात जाळला तर सुमारे पावणेतेरा किलोवॅट उष्णता निघते. तिच्यातली निम्मी अन्नात आणि पातेल्यांत जाते व निम्मी खोलीत पसरते असे मानले, तर खोलीच्या वाट्याला सव्वासहा-साडेसहा किलोवॅट येतात. पंख्याने बाहेर टाकलेली हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा पाच अंशांनी अधिक ऊन असावी, त्याहून अधिक नसावी, अशी मर्यादा घातली, तर एवढी उष्णता वाहून नेण्यासाठी तासाला अडतीसशे घनमीटरांच्या आसपास हवा लागते. हिशेबाची किल्ली अशी, की एक किलोवॅट उष्णता एक अंश तापमानवाढीत वाहून न्यावयाची तर तासाला सुमारे तीन हजार घनमीटर हवा हवी, आणि पाच अंश चालत असतील तर त्याचा पाचवा हिस्सा. म्हणजे घनफळाच्या वाटेने आलेला तीस पालटांचा आकडा आणि गॅसच्या वाटेने आलेला आकडा एकमेकांच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले. अशा वेळी मला फार समाधान वाटते. दोन स्वतंत्र साक्षीदारांची जबानी जुळावी तसे ते असते.

सूचिपत्रातला आकडा मात्र पंख्यापुढे व पंख्यामागे कोणताही अडथळा नसताना मोजलेला असतो. भिंतीत बसवलेल्या पंख्याला बाहेरून झडपा असतात, आतून जाळी असते, आणि अशा पात्यांच्या पंख्याला अडथळा सोसण्याची ताकद फार थोडी असते. म्हणून गरजेपेक्षा पाव हिस्सा अधिक क्षमतेचा पंखा मागवावा असा माझा शिरस्ता आहे. छत्तीसशेला पाव हिस्सा जोडला की साडेचार हजार होतात. तेव्हा विक्रेत्याने दिलेला अठरा इंची पंखा आकाराने योग्यच होता, आणि त्याहून मोठा पंखा सुचवून मोकळे होणे हा संस्थेवर अन्याय झाला असता.

आता खोली पाहावयाची राहिली होती. भट्ट्या पूर्वेच्या भिंतीलगत होत्या आणि पंखा त्याच भिंतीत, स्लॅबच्या खाली, भट्ट्यांच्या बरोबर वर होता. जागा उत्तम निवडलेली होती. परंतु पंख्यापासून हातभर अंतरावर त्याच भिंतीत एक खिडकी होती, आणि उकाड्यामुळे मावशी ती सताड उघडी ठेवीत. पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या बंद होत्या, कारण पावसाळ्यात समुद्राकडून येणारा वारा आणि पावसाची झड त्यांतून थेट आत येई आणि शेगडीची ज्योत विझवी. बंद ठेवता ठेवता त्या फुगून घट्ट बसल्या होत्या. दक्षिणेचे दार भोजनगृहाकडे उघडत होते, ते मुलांची गर्दी आत येऊ नये म्हणून लावलेले असे. उत्तरेचे दार न्हाणीघराकडे होते, आणि त्या न्हाणीघरात मुलांच्या आंघोळीचे पाणी तापवण्याचा लाकडांवरचा मोठा बंब होता.

मी एक उदबत्ती पेटवून हातात धरली आणि खोलीभर हळूहळू फिरलो. पंख्याच्या खिडकीपाशी तिचा धूर आडवा होऊन वेगाने पंख्यात शिरत होता. भट्टीच्या पलीकडे दोन पावलांवर तो रेंगाळू लागला. आणि खोलीच्या पश्चिमेच्या अर्ध्या भागात, जेथे बायका बसून भाकऱ्या थापत आणि भाजी चिरत, तेथे तो सरळ वर जाऊन स्लॅबला टेकला व तेथेच पसरला. पंखा चार हजार घनमीटर हवा काढीत असेलही, पण ती बाहेरून खिडकीने आत आलेली आणि तीन फुटांचा प्रवास करून पंख्याने पुन्हा बाहेर टाकलेली हवा होती. खोलीच्या घनफळाला तिचा स्पर्शही होत नव्हता. मग मी ती खिडकी लावून घ्यावयास सांगितली. त्याबरोबर पंख्याचा आवाज बदलला, बाहेरच्या झडपा ज्या आडव्या उचलल्या गेल्या होत्या त्या निम्म्यावर येऊन थरथरू लागल्या, आणि न्हाणीघराचे दार आपण होऊन करकरत किंचित उघडले. त्या फटीतून बंबाचा निळसर धूर एका पट्ट्यासारखा आत आला आणि भट्टीच्या दिशेने चालू लागला. मावशी म्हणाल्या, "हाच तो."

पंखा हवा निर्माण करीत नाही, तो फक्त बाहेर ढकलतो. जितकी बाहेर गेली तितकी कोठून तरी आत आली पाहिजे, आणि आपण तिला सरळ वाट दिली नाही तर ती आपली वाट आपणच शोधते. न्हाणीघराच्या धुरातून येणारा त्रास केवळ डोळ्यांचा नव्हता. अर्धवट जळणाऱ्या लाकडांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत जोरदार पंखा लावल्याने शेजारचे धुराडे उलटे वाहू लागणे हा जिवावर बेतणारा प्रकार आहे. म्हणूनच पंखा अपुरा वाटला की आणखी मोठा लावावा, हा सल्ला मला नेहमी भीतिदायक वाटत आला आहे.

हवेला वाट किती मोठी हवी, याचाही हिशेब साधा आहे. तासाला छत्तीसशे घनमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर एक घनमीटर. आत येणारी हवा सेकंदाला एक मीटरहून अधिक वेगाने येऊ नये, म्हणजे ती अंगाला बोचत नाही आणि ज्योत हलवीत नाही, असे ठरवले तर एक चौरस मीटर मोकळी जागा लागते. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. पाऊस अडवणाऱ्या तिरप्या पट्ट्या आणि उंदीर अडवणारी जाळी बसवली की चौकटीचे निम्मे क्षेत्र त्यांतच जाते, म्हणून चौकट दोन चौरस मीटरांहून थोडी मोठी घ्यावी लागते. आम्ही पश्चिमेच्या दोन खिडक्यांखाली, जमिनीपासून वीतभर वर, सव्वा मीटरच्या आतबाहेर लांबीची आणि नव्वद सेंटिमीटर उंचीची अशी दोन गवाक्षे पाडली आणि त्यांना बाहेरच्या बाजूस उतरत्या सिमेंटच्या पट्ट्या बसवल्या. ती पश्चिमेलाच असावीत असा माझा आग्रह होता. त्या भागात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. हवेच्या प्रवेशाची वाट वाऱ्याच्या तोंडाशी आणि पंखा वाऱ्याच्या पाठीला असला की वारा पंख्याला साहाय्य करतो. याच्या उलट रचना झाली, म्हणजे पंखाच वाऱ्याच्या तोंडावर बसवला, तर सेकंदाला दहा मीटर वेगाच्या वाऱ्याचा भिंतीवर पडणारा दाब पाण्याच्या सहा मिलिमीटर उंचीइतका होतो, आणि एवढ्या दाबापुढे पात्यांचा साधा पंखा जवळजवळ हतबल होतो. पाती फिरत राहतात, वीज जळत राहते, आणि हवा मात्र तेथल्या तेथे घुसळली जाते. किनाऱ्यावरच्या गावांत पावसाळ्यातच पंखे कुचकामी ठरतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा पंखा कोणत्या भिंतीत आहे यात सापडते.

गवाक्षे खाली ठेवण्यामागे आणखी एक हेतू होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. खालच्या वाटा कायम उघड्या असल्या तर त्याला बाहेर पडावयास जागा राहते. गॅसचा वास आला तर मात्र पंख्याचे बटन दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सिलिंडरची चावी बंद करावी, ही सूचना मी तेथे मोठ्या अक्षरांत लिहून लावावयास सांगितली, कारण घाबरलेल्या माणसाचा हात सर्वांत आधी पंख्याच्या बटनाकडेच जातो, आणि बटनातली लहानशी ठिणगीही अशा वेळी पुरते.

पंख्याशेजारची खिडकी काच बसवून कायमची बंद केली, म्हणजे उजेड राहिला आणि हवेची आडवाट मिटली. न्हाणीघराच्या दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग लावली आणि बंबाला स्वतंत्र धुराडे उंच नेऊन दिले. पंख्याच्या आतल्या बाजूला डासांसाठी म्हणून जी बारीक जाळी कोणीतरी ठोकली होती, तिची छिद्रे तेलकट काजळीने जवळजवळ बुजली होती. ती काढून तिच्या जागी बोटभर छिद्रांची जाळी बसवली आणि दर पंधरा दिवसांनी ती सोड्याच्या ऊन पाण्यात धुवावी असा नियम घालून दिला. पंखा तोच राहिला.

काम पूर्ण झाल्यावर वायुवेग मोजण्याचे चकतीचे यंत्र घेऊन मी दोन्ही गवाक्षांपाशी निरनिराळ्या ठिकाणी वेग मोजला. पट्ट्यांच्या मधून मोजलेला वेग अगदी तंतोतंत नसतो, कोठे जास्त भरतो कोठे कमी, पण सरासरी सेकंदाला नऊ दशांश मीटरांच्या जवळ आली. मोकळ्या क्षेत्राने गुणले तर तासाला सुमारे पस्तीसशे घनमीटर, म्हणजे या खोलीला एकोणतीस पालट. उदबत्तीचा धूर आता गवाक्षापासून निघून भाकरी थापणाऱ्या बायकांच्या पायांजवळून, मग चिरण्याच्या ओट्यावरून, मग भट्टीवरून जाऊन पंख्यात शिरत होता. स्वच्छ हवा प्रथम माणसाला भेटावी, नंतर अग्नीला आणि शेवटी पंख्याला, हा क्रम साधला म्हणजे घनफळाचा प्रत्येक घनमीटर कामाला लागतो.

पुढे अनेक संस्थांची अंदाजपत्रके माझ्याकडे तपासणीला येत, आणि पंख्याच्या रकान्यापुढे हवा आत येण्याच्या वाटेचे क्षेत्र लिहिलेले नसेल तर तो कागद मी शेरा मारून परत पाठवीत असे. घनफळ कसे काढले, पालटांचा आकडा कोणत्या वापरासाठी धरला, खोलीची उंची साडेतीन मीटरहून अधिक असेल तर तो आकडा गॅसच्या खपाशी ताडून पाहिला की नाही, आणि पंखा कोणत्या दिशेच्या भिंतीत आहे, एवढे चार तपशील मागितले की मक्तेदार प्रथम कुरकुर करीत, पण दुसऱ्या-तिसऱ्या कामापासून ते स्वतःच लिहून आणीत. जेथे लाकडाच्या चुली आहेत तेथे मात्र मी हा सारा हिशेब बाजूला ठेवावयास सांगत असे. लाकडाचा धूर सबंध खोलीत पसरू देऊन मग पालटांच्या जोरावर त्याला पातळ करीत बसणे हे उलटे काम आहे. तेथे चुलीवर उतरते छत्र बसवून धूर उगमापाशीच धरावा आणि धुराड्याने छपराच्या वर न्यावा, आणि मग पंखा लावावयाचाच असेल तर तो खोलीतल्या उकाड्यापुरता, लहान, आणि धुराड्याची ओढ उलटी होणार नाही इतक्या मोकळ्या वाटा ठेवून लावावा.